हुर्रेम सुलतानाच्या अन्नछत्रात डाळ कोण भरायचं? (वक्फ, जेरुसलेम आणि कैरो)

हिशोबनीस
आमच्या गावच्या देवस्थानाच्या अन्नछत्राचे हिशोब मी आठ वर्षं लिहितोय. त्यामुळे कुठेही फुकट जेवण दिसलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, डाळ कोण भरतं? परवा जेरुसलेमवरचा एक माहितीपट पाहिला. उस्मानी म्हणजे ऑटोमन बादशहा सुलेमान याची बायको हुर्रेम सुलतान हिने १५५० च्या दशकात तिथे एक 'इमारत' उभारली, रोज ४०० गरिबांना जेवण ठरवून दिलं, आणि त्याच जागी आजही सूप वाटतात, असं त्यात सांगितलं. पैशाबद्दल एकच वाक्य होतं, 'हे सर्व वक्फमधून चाले,' म्हणजे धर्मकार्याला कायमच्या लावून दिलेल्या मिळकतीतून. बस, पुढचा सीन.

आमच्याकडे तुरीचे भाव वाढले की दोन महिन्यांत आमटी पातळ होते. इथे पावणेपाचशे वर्षं. राजे गेले, साम्राज्य गेलं, नाणी बदलली. तर ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी जरा उलगडून सांगा. पैसा नेमका कुठून निघायचा, कोणाच्या हातातून जायचा, आणि गळायचा कुठे?

आजच्या कायद्यावर आणि राजकारणावर वेगळे धागे आहेत. इथे ते नको, हात जोडतो.

वास्तूवेडी
इमारत छानच आहे! जुन्या शहरात अकाबत अत-तकिया नावाची उताराची गल्ली आहे, तिथे दारांवरचं दोन रंगी दगडकाम बघण्यासारखं आहे. पण एक दुरुस्ती, ती इमारत हुर्रेमने बांधलेली नाही. मूळ वाडा चौदाव्या शतकातला, सित्त तुनशुक नावाच्या बाईचा. दीडशेहून जास्त वर्षं जुना वाडा घेऊन त्यात भर घातली. त्यामुळे बांधकामखर्च फार आला नसणार.

जुने_कागद
वास्तूवेडी, वाड्याबद्दल बरोबर, पण हिशोबनीस विचारतायत ती 'इमारत' वेगळी. उस्मानी तुर्कीत 'इमारेत' म्हणजे अन्नछत्र. शब्द एकच, अरबीतून दोन्हीकडे गेला. आपल्याकडे त्याच्या भिंती उरल्या, तिकडे त्याची चूल उरली.

आता पैसा. आधी एक गाठ सोडवू, कारण बहुतेक लेखांत ती सोडवलेलीच नसते. वक्फ करायचा तर वस्तू स्वतःच्या मालकीची हवी. दुसऱ्याची गाय दान देता येत नाही. उस्मानी राज्यात शेतजमीन बहुतेक सरकारी. कसणारा रयत, सारा घेणारा शिपाई, म्हणजे पगाराऐवजी तो हक्क मिळालेला घोडेस्वार, किंवा सरकार. मग हुर्रेमने गावंच्या गावं वक्फ कशी केली? तर आधी सुलेमानने त्या गावांचं उत्पन्न 'तमलीक' करून तिच्या मालकीचं केलं, तशी सनद दिली. मग मालकीण म्हणून तिने ते वक्फला लावलं. म्हणजे पैसा शेवटी राज्याच्या महसुलातलाच, पण तो बेगमेच्या नावावरून फिरून आला.

यात जेरुसलेमजवळच्या रामलाच्या आसपासची बरीच गावं होती, लुद्द होतं. शिवाय तिकडे उत्तरेला, आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोलीत भाड्याने दिलेल्या मिळकती. १५५२ चा दस्त आहे, १५५७ चा आहे. १५५८ मध्ये हुर्रेम वारली आणि त्यानंतर सुलेमानने सैदाकडची आणखी गावं जोडली. का जोडावी लागली असतील, हे तुमच्यासारख्या हिशोबनिसाला मी सांगायला नको.

हिशोबनीस
कमी पडलं म्हणून! हे ऐकून फार बरं वाटलं.

रोखठोक
एवढं गुंतागुंतीचं काही नाही हो. राजा जमीन द्यायचा, ती करमुक्त व्हायची, मुतवल्ली, म्हणजे वक्फचा कारभारी, पिढ्यान्पिढ्या खायचा. आणि एकदा वक्फ झाला की झाला, पुढे कुठल्याच राजाने कधी हात लावला नाही, कारण धर्म आड यायचा. म्हणूनच ते टिकलं. आपल्याकडच्या इनामांसारखंच.

जुने_कागद
रोखठोक, अर्धं बरोबर.

'करमुक्त' म्हणताना बघा की कोण मुक्त झालं. रामलाच्या कुळाला काहीही माफ झालं नाही. पिकाचा जो हिस्सा तो आधी शिपायाला घालायचा तोच आता अन्नछत्राला घालू लागला. गहू तोच, फक्त गोणीचा पत्ता बदलला. आणि शेतकऱ्याला तो पत्ता आवडला असेलच असं नाही. वाईट वर्षी लोक गाव सोडून जायचे, मग मुतवल्लीची तक्रार इस्तंबूलला, तिकडून हुकूम, की रयतेला परत आणून बसवा. म्हणजे जेरुसलेमच्या भिकाऱ्याची वाटी आणि लुद्दच्या शेतकऱ्याची पाठ एकाच दोरीला बांधलेली होती.

'कधीच हात लावला नाही' हे मात्र साफ चूक. कैरोचे किस्से सांगतो, पण रात्री. आता नातीला शाळेतून आणायची वेळ झाली.

नसीम_मराठवाडा
माझे आजोबा आमच्या तालुक्यातल्या एका छोट्या दर्ग्याचे मुतवल्ली होते, म्हणून लिहितेय. रोखठोकभाऊ, 'पिढ्यान्पिढ्या खायचा' वाचून जरा लागलं. इनामाची जमीन अकरा एकर, त्यातली सात कोरडवाहू. उरुसाचा खर्च, दिवाबत्ती, येणाऱ्या-जाणाऱ्याला भाकरी. आजोबा दर वर्षी खिशातून घालायचे आणि दादी दर वर्षी भांडायची. उरलेली चार एकर एका बड्या माणसाने भाड्याने घेतली, भाडं ठरलं तेव्हाचं, आणि तीस वर्षं तेच. नाव लिहीत नाही, अजून खटला चालू आहे. पैसा कुठे गळतो विचारलंत ना? आमच्याकडे तिथे गळला.

रोखठोक
नसीमताई, सगळ्यांना म्हणालो नव्हतो. शब्द चुकला, मागे घेतो.

गिरगावकर
तीस वर्षं तेच भाडं? आमच्या चाळीत या म्हणावं! पागडी भरून आजोबांनी खोली घेतली, तेव्हापासून भाडं असं की मालकाला पावती छापायला जास्त लागतं. वक्फमध्ये असलं काही होतं का, की हा आमचाच चमत्कार?

जुने_कागद
गिरगावकर, नसीमताई, तुम्ही दोघांनी न ठरवता एकाच जागी बोट ठेवलंत.

पागडी तिकडेही होती, 'इजारतैन' म्हणजे दोन भाडी या नावाने. इस्तंबूलला आगी फार लागायच्या, घरं लाकडी. वक्फची दुकानं जळून खाक झाली तर पुन्हा बांधायला मुतवल्लीकडे रोकड नसायची. वक्फ विकता येत नाही, आणि वक्फनाम्यात भाड्याची मुदत बहुतेक एक ते तीन वर्षं बांधून दिलेली. मग तोड अशी निघाली की भाडेकरूने सुरुवातीला मोठी रक्कम एकदम द्यायची, जवळपास जागेच्या किमतीइतकी. त्यातून दुकान उभं राहायचं. पुढे दर वर्षी नाममात्र भाडं, आणि हक्क मुलांकडे जायचा. सतराव्या शतकात ही पद्धत चांगलीच बोकाळली.

त्या दिवसापुरतं ते शहाणपणाचं होतं, कारण जळक्या दुकानाचं भाडं शून्यच. पण नाणं हलकं होत गेलं. १५८५-८६ मध्ये अकचे या चांदीच्या नाण्यातली चांदी एका झटक्यात जवळजवळ निम्मी केली. भाडं करारात तेवढंच आणि तांदळाचा भाव दुप्पट. ज्यांच्या गंगाजळीत धान्य थेट येत होतं ते तरले. ज्यांचं उत्पन्न ठरीव रोख भाड्यांवर होतं ते वाळले. तुमच्या जेरुसलेमच्या चुलीला गहू गावांतून जिन्नस म्हणून येत होता, त्यामुळे ती बाजारभावाच्या माऱ्यातून थोडी वाचली. पाऊस पडेपर्यंत, अर्थात.

हिशोबनीस
हे आवडलं. आमच्याकडेही धान्याची देणगी आली की मी खूश असतो. रोख देणगीचे कार्यक्रम होतात आणि फलक लागतात, धान्याची पोती गुपचूप कोठारात जातात.

आता चुलीकडे या ना. ४०० माणसांना काय वाढायचे? माणसं किती लागायची?

ओसरीवरची
चुलीचं मी सांगते. माझं काम खाद्यसंस्कृतीवर आहे आणि हा दस्त या बाबतीत फार बोलका आहे.

जेवण दोन वेळा. सकाळी तांदळाचं सूप, त्यात तूप, छोले, कांदा, मीठ. संध्याकाळी तेच, पण तांदळाऐवजी भरडलेला गहू, बुलगुर, म्हणजे आपल्या दलियाचा भाऊ. जोडीला पाव. गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या हिशोबाने शुक्रवारच्या रात्री, तसंच रमझानच्या रात्री आणि सणाला बेत वाढायचा. मटण घातलेला भात, ज्याला 'दाने' म्हणत, आणि वर 'झेर्दे'.

झेर्दे म्हणजे केशर घालून मधाने गोड केलेला भात. मराठवाड्यातल्या किंवा हैदराबादच्या लग्नात जेवला असाल तर ओळखलाच असेल, आपला जर्दा. शब्दही तोच, फारसी 'जर्द' म्हणजे पिवळा.

आता वाढप. हे वाचून मला थोडं वाईट वाटलं होतं. नोकरमंडळी आधी जेवायची, माणशी एक पळी सूप आणि दोन पाव. मग तिथल्या ५५ खोल्यांत राहणाऱ्या मंडळींना एक पळी, एक पाव. शेवटी ४०० गरीब, त्यांना पाव प्रत्येकी एक, पण सुपाची वाटी दोघांत एक. उपाशी माणूस रांगेत शेवटी आणि वाटीही अर्धी.

हिशोबनीस
थांबा. नोकरमंडळी किती होती?

ओसरीवरची
पन्नासच्या आसपास. स्वयंपाकी, भटारी, गहू निवडणारे, कांडणारे, भांडी घासणारे, कोठारवाला, कारकून, दारावरचा माणूस. वर मुतवल्ली. त्यांना जेवणाशिवाय रोजचं वेतन होतं ते वेगळं.

हिशोबनीस
४०० पानांना ५० माणसं? आमच्याकडे उत्सवात ६०० पानं उठतात आणि पगारी माणसं सात! बाकी सगळे सेवेकरी. माफ करा, पण हे अन्नछत्र कमी आणि नोकरभरती जास्त वाटतेय.

जुने_कागद
तुमच्या सात माणसांना गहू निवडून, कांडून, दळून आणावा लागत नाही हो. गिरणी आणि किराणा दुकान तुमचे अदृश्य नोकर आहेत. शिवाय मशीद आणि खोल्या यांचे झाडूवालेही त्या आकड्यात येतात.

पण तुमचा टोमणा अगदीच वाया नाही. त्या शहरात वक्फची नोकरी ही मिळकत समजली जायची. बापाची जागा मुलाला, कधी जागेचा हिस्सा दुसऱ्याला सोडून दिलेला. जेवणाचा हक्कसुद्धा असाच, मान म्हणून. विद्वान, सूफी, प्रतिष्ठित घराणी यांची नावं यादीत असायची. कोणाला मदत आणि कोणाला मान, ही रेघ त्यांनी आपल्यासारखी मारलेलीच नव्हती.

ओसरीवरची
इथे मी असहमत. रेघ होती, ती पळीतच दिसते. एक वाटी आणि अर्धी वाटी. दस्त लिहिणाऱ्याला नीट माहीत होतं की कोण मानाचा आणि कोण गरजेचा.

जुने_कागद
मान्य नाही, पण उत्तर सुचत नाहीये. पुढे जातो. कैरो.

मामलुक सुलतान मुळात गुलाम म्हणून विकत आणलेले तुर्क, पुढे चेर्केस. त्यांची सरदारकी आणि जहागीर मुलाला हक्काने मिळत नसे. वर सुलतान बदलला की जुन्या सरदारांच्या मालमत्ता जप्त. मग सरदाराने काय करावं? मशीद-मदरसा बांधायचा, त्याला बाजार, हमामखाने, गावं लावायची, आणि वक्फनाम्यात लिहायचं की खर्च भागून उरेल ते माझ्या मुलाबाळांना, मुतवल्लीही घरातलाच. मदरशाचा खर्च उत्पन्नाच्या लहानशा भागात भागत असेल तर उरलेलं घर चालवतं. पुण्यही होतं आणि पेटीला कुलूपही लागतं. कैरोत आज जे घुमट नि मिनार दिसतात त्यातले किती तरी असे उभे राहिले.

पण कुलूप आलं की किल्लीवालाही येतो. 'इस्तिबदाल' म्हणजे अदलाबदल. वक्फची मिळकत मोडकळीला आली, उत्पन्न देईना, तर काझीच्या परवानगीने ती देऊन दुसरी घ्यावी, अशी मुभा हनफी या सुन्नी न्यायपंथात होती. शाफई जवळजवळ नकोच म्हणायचे. आणि कैरोत बायबर्स सुलतानापासून चारही पंथांचे चार मुख्य काझी. म्हणजे काम बघून काझी निवडा!

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला जमालुद्दीन नावाचा उस्तादार होता, सुलतान फरजचा बडा कारभारी. त्याला एखादी वक्फ मिळकत आवडली की दोन साक्षीदार उभे राहायचे. साक्ष काय? ही वास्तू शेजाऱ्यांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना धोकादायक आहे, बदलून टाकणं हिताचं. हनफी काझी शिक्का मारायचा. धडधाकट वाडेसुद्धा असे गिळले गेले. मक्रीझी या तेव्हाच्या इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय, आणि लिहिताना त्याचा संताप लपत नाही.

गिरगावकर
'धोकादायक इमारत' घोषित करून जागा मोकळी करणे. सहाशे वर्षांपूर्वी. मी आता थोडा वेळ खिडकीत जाऊन उभा राहतो.

रोखठोक
ठीक आहे, 'हात लावला नाही' हे माझं चुकलं. पण मग त्या जमालुद्दीनचं काय झालं? शेवटी काझी विकला जात असेल तर वक्फ या कागदाला अर्थ काय?

जुने_कागद
त्याचं जे झालं त्यातच तुमचं उत्तर आहे, किंवा नाही. बघा.

जमालुद्दीनने स्वतःचा देखणा मदरसा बांधला, १४०८ मध्ये पुरा झाला. दारं-जाळ्या एका मारल्या गेलेल्या सुलतानाच्या ओसाड मदरशातून आणलेल्या. पुढच्याच वर्षी फरजची मर्जी गेली आणि जमालुद्दीनचं डोकं उडालं. दरबारी म्हणाले, मदरसा पाडा, संगमरवर कामाला येईल. दुसऱ्यांनी समजावलं, जिथे पाच वेळा अजान होते आणि धडे चालतात ते पाडलं तर लोक काय म्हणतील? मग शास्त्रींनी तोड शोधली. मदरशाखालची जमीन जमालुद्दीनने ज्या अदलाबदलीने मिळवली होती तीच बेकायदा होती, म्हणून त्याचा वक्फच रद्द! सुलतानाने जमिनीचा व्यवहार नव्याने केला, स्वतःच्या नावाने वक्फ केला, आणि भिंतीवरून, अगदी दिव्यांवरूनही जमालुद्दीनचं नाव खोडून आपलं घातलं.

गंमत म्हणजे फरज मेल्यावर पुढच्या सुलतानाच्या काळात जमालुद्दीनच्या भावाने दावा लावला आणि तो निकालही फिरला.

म्हणून रोखठोक, मी कागद निरर्थक म्हणणार नाही. एवढा निरंकुश सुलतान, पण त्यालाही मदरसा नुसता हिसकावता आला नाही. साक्षी, काझी, फेरखरेदी, नवा वक्फनामा, एवढा खटाटोप करावा लागला. आणि या सगळ्यात विद्यार्थ्यांची भाकरी बहुधा चालू राहिली. दातावर नाव बदललं, धडे तेच.

ओसरीवरची
'दात्याचं' म्हणायचंय ना? दातावर नाव काय कोरताय!

जुने_कागद
हो हो, दात्याचं. चष्मा कपाटात राहिलाय.

गधेगाळ_शोधक
वक्फनाम्याच्या शेवटी शाप असतो हे खरं का? आमच्याकडे शिलाहार-यादवांच्या दानशिळांवर जो मोडेल त्याला गाढवाचा शाप कोरलेला असतो, चित्रासकट. तशी चित्रं तिकडे कुठे आहेत का? असल्यास फोटो टाका.

जुने_कागद
चित्रं नाहीत, शाप आहे. जो कोणी हे ऐकल्यावर बदलेल त्याचं पाप बदलणाऱ्यावर, अशी कुराणातली ओळ बहुतेक दस्तांत येते, आणि मग अल्लाह, फरिश्ते आणि सगळ्या माणसांचा शाप. गाढवाइतका दृश्य नाही, पण पोहोच मोठी.

आणि शापावर विसंबून कोणी राहत नसे. उस्मानी दस्तात त्याआधी एक छोटं नाटक असतं, ते मला शापापेक्षा जास्त आवडतं. दात्याने मिळकत मुतवल्लीच्या हवाली केली, सगळं झालं. मग दाता काझीसमोर उभा राहून म्हणतो, माझं मन बदललं, माल परत द्या, इमाम अबू हनीफांच्या मते वक्फ मागे घेता येतो. मुतवल्ली म्हणतो, मुळीच नाही, त्यांचेच शिष्य अबू युसुफ आणि मुहम्मद यांच्या मते तो पक्का. काझी दोन्ही बाजू ऐकून शिष्यांच्या बाजूने निकाल देतो. दाता हरतो आणि खुशीने घरी जातो, कारण हरण्यासाठीच तो आलेला असतो. आता वक्फवर न्यायालयाचा निकाल बसला. उद्या दात्याच्या मुलाने जरी अबू हनीफांचं नाव घेतलं तरी ते दार बंद.

हिशोबनीस
स्वतःविरुद्ध लावलेला दावा स्वतःच हरायचा! आमच्या विश्वस्तांना हे दाखवतो. नको, नकोच दाखवायला.

अजून एक. हे बघायचं कोण? म्हणजे मुतवल्लीने गव्हाची पोती बाजारात विकली तर?

जुने_कागद
वर्षाचे हिशोब लिहायचे, आणि काझी तपासायचा. शाही वक्फ म्हणून हिशोब इस्तंबूलपर्यंत जायचे. हिशोबनिसाला सांगायला हरकत नाही की अशा वह्यांत आवक, खर्च, शिल्लक आणि येणं बाकी अशा रकमा असतात, आणि सोळाव्या शतकातली चोरी आज आपल्याला कळते ती 'येणं बाकी' वर्षानुवर्षं फुगत जाते त्यावरून. गाव वसूल होत नाही असं लिहिलेलं असतं. गाव ओसाड झालं, की वसूल होऊन दुसरीकडे गेलं, हे मात्र वही सांगत नाही. त्यासाठी काझीच्या दफ्तरातली भांडणं वाचावी लागतात.

पुढे १८२६ मध्ये महमूद दुसरा याने वक्फांसाठी सरकारी खातंच काढलं आणि शाही वक्फांचा पैसा त्या खात्यात एकत्र वळत गेला. वाढावा सरकारात, आणि दुरुस्तीला मात्र अर्ज करा, पैसे येतील तेव्हा येतील. इजिप्तमध्ये मुहम्मद अलीने त्याआधीच, १८१० च्या दशकात, वक्फच्या शेतजमिनी सरकारी ताब्यात ओढल्या होत्या. माझ्या मते तिथे खरी नस तुटली. चोर मुतवल्ली वक्फ खातो, पण मारत नाही. खातं ते कागदावर जिवंत ठेवून आतून रिकामं करतं.

रोखठोक
इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार. खातं आलं म्हणून निदान एक वही झाली. चार पिढ्यांचे घरगुती मुतवल्ली आणि विकाऊ काझी, यापेक्षा एक खातं काय वाईट?

नसीम_मराठवाडा
रोखठोकभाऊ, आजोबांच्या काळात आणि नंतर, दोन्ही पद्धती बघितल्यात. आजोबांशी दादी भांडू शकायची. पुढच्यांशी कोणाशी भांडायचं तेच कळत नाही, फाईल कुठल्या टेबलावर आहे हे कळायला दोन वर्षं गेली. पण तुमचंही खोटं नाही. आजोबांची वही त्यांच्याबरोबर गेली, आणि खटल्यात तीच नाही म्हणून अडलोय.

तळेगावची_चिमणी
मध्येच विचारते, औरंगाबादची पाणचक्की यातच मोडते का? शाळेच्या सहलीत पाहिली होती. गाईडने फक्त 'पाण्याने जातं फिरतं' एवढंच सांगितलं आणि आम्ही माशांना मुरमुरे टाकत बसलो.

नसीम_मराठवाडा
मोडते की! बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा तिथेच आहे, बुखाराकडून आलेले नक्शबंदी सूफी. अठराव्या शतकात डोंगराकडून मातीच्या नळांनी पाणी आणलं, ते उंच भिंतीत चढवून खाली पाडलं आणि त्यावर जातं फिरवलं. पीठ तिथल्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी आणि शिकणाऱ्या मुलांसाठी. वर हिशोबनीस म्हणाले ना, पन्नास माणसं कशाला? हे घ्या, दळणारी माणसं वाचवली. पाण्याला वेतन नाही आणि दोन पावही नाहीत.

वास्तूवेडी
आणि ते पाणी हौदात जातं, हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. उन्हाळ्यात खाली गारवा. फुकट दळण आणि फुकट वातानुकूलन. मी इमारतीबद्दलच बोलणार, माफ करा.

हिशोबनीस
आज दुपारी पंगतीत पळी मोजली. आमच्या आमटीच्या पळीत दीड वाटी बसते, आणि आचारीबुवा पहिल्या पंगतीला दीड देतात, तिसऱ्या पंगतीला एक. कोणी सांगितलं नाही, त्यांचं त्यांनीच बसवलंय. तिसऱ्या पंगतीत बाहेरगावचे, बहुतेक ऊसतोडीचे लोक असतात. पहिल्या पंगतीत विश्वस्त आणि मी.

ओसरीवरची, तुमचा तो अर्धी वाटीवाला मुद्दा मी जुने_कागदांच्या विरोधात लिहून ठेवतोय. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

जुने_कागद
चष्मा सापडला. उत्तर शोधतोय.